तू, तुम्ही आणि एक प्लीज

गुरुजींची ती कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हाच ठरवलं होतं की ही इंग्रजीत न्यायची. कथा साधी. माण तालुक्यातलं गाव, एक आजोबा, त्यांचा नातू, आणि मधे एक दोर. अकरा वर्षांचा नातू आबाला दावं वळायला मदत करतो, हा पहिला भाग. दोन वर्षांनी तो पुण्याच्या वसतिगृहातून दिवाळीला घरी येतो, हा दुसरा. सुट्टी संपवून पहाटेच्या एसटीला निघतो, हा तिसरा आणि सगळ्यात छोटा. घटना अशी काहीच नाही. जे घडतं ते सगळं दोघांच्या बोलण्यात घडतं. मी सातारा शहरात वाढले असले तरी माझं आजोळ माणमधलं, त्यामुळे ‘हाय’, ‘न्हाय’, ‘व्हय रं’ हे माझ्या कानातच होतं. तीन-चार आठवड्यांत होईल असं वाटलं. सात महिने लागले, आणि त्यातले निम्मे तरी एका शब्दावर गेले.

तो शब्द दुसऱ्या भागात येतो. त्याआधी पहिल्या भागातलं बोलणं सांगते, कारण दुसऱ्या भागाचं उत्तर तिथंच सापडलं.

आबा उन्हाळ्यात ओसरीवर बसून अंबाडीच्या वाखाचं दावं वळतोय. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. आधी एकेक पदर एका दिशेनं पिळायचा, मग ते पदर एकत्र उलट्या दिशेनं वळायचे. दोन उलटे पीळ एकमेकांना धरून ठेवतात म्हणून दोर उकलत नाही. धरणाऱ्यानं हात ढिला सोडला की वाख स्वतःभोवतीच गुंडाळतो, गाठी पडतात. पोराला नुसतं धरायचा कंटाळा आलाय.

“आबा, दे की मला वळाया.”
“तुला न्हाय जमायचं. तू नुस्तं धर. ढिला सोडू नगंस.”
“धरलंय की. तू वळ.”
आबाचं बोळकं पसरलं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात हे असं झालं होतं: “ग्रँडफादर, प्लीज लेट मी ट्विस्ट इट.” “यू विल नॉट बी एबल टु मॅनेज इट. यू ओन्ली होल्ड. डू नॉट लेट इट बिकम लूज.” अर्थ तंतोतंत होता, पण मोठ्यानं वाचलं की ओसरीवर कुणीच नव्हतं. दोन कारकून एकमेकांशी बोलताहेत असं वाटत होतं.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी बोलीला बोली शोधली. आबा ‘न्हाय’ म्हणतो, तर इंग्रजीत ‘एन्ट’ म्हणेल. शब्दांची शेपटं छाटली, ‘होल्डिंग’चं ‘होल्डिन’ केलं. चार पानं झाल्यावर एका संध्याकाळी ती स्वतःलाच वाचून दाखवली आणि थांबले. आबाच्या डोक्यावरचं मुंडासं जाऊन तिथं रुंद काठाची हॅट आली होती. इंग्रजीतली प्रत्येक बोली कुठल्या तरी ठिकाणाची आहे. ती उचलली की तिच्याबरोबर ते ठिकाण येतं, तिथली शेतं, तिथली माणसं येतात. आणि मुद्दाम मोडलेलं स्पेलिंग वाचताना वाचक त्या माणसाला अडाणी समजतो. गुरुजींच्या कथेत आबा अडाणी नाही. त्या ओसरीवर सगळ्यात नेमकं बोलणारा माणूस तोच आहे. मराठीत ‘न्हाय’ हे मोडकं ‘नाही’ नव्हेच, तो पुरा शब्द आहे.

ती पानं मी बाजूला ठेवली. त्याऐवजी आबा मराठीत काय करतो हे एका वहीत लिहून काढलं. तो छोटी वाक्यं बोलतो. कारण सांगत नाही. हाताला लागणाऱ्या वस्तूंचीच नावं घेतो. पुस्तकी शब्द त्याच्या तोंडी एकही नाही. मग इंग्रजीतही त्याला तसेच शब्द द्यायचे असं ठरवलं: एका-दोन उच्चारांचे, जुने, घरातले आणि शेतातले. ‘मॅनेज’ गेला, ‘एबल’ गेला, ‘ओन्ली’ गेला. बोलीचा रंग स्पेलिंगमधून न देता शब्दांच्या निवडीतून आणि वाक्याच्या लांबीतून द्यायचा.

दुसरी एक युक्ती जवळजवळ अपघातानं सापडली. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम’ आणि ‘आय’म’, ‘डू नॉट’ आणि ‘डोन्ट’ अशा जोड्या आहेत. घरात बोलणारा माणूस जोडून बोलतो, सुटं सुटं बोलतो तो अर्ज लिहिणारा. हा फरक ‘हाय’ आणि ‘आहे’मधल्या फरकाइतका नेमका नाही, पण कानाला काम तेच करतो. मी नियम केला: आबा तिन्ही भागांत जोडूनच बोलेल. नातू पहिल्या भागात जोडून बोलेल. दुसऱ्या भागात पुण्याहून आल्यावर तो ‘म्हनलं’चं ‘म्हणलं’ करतो, ‘हाय’चं ‘आहे’ करतो, तेव्हा त्याची इंग्रजी वाक्यं सुटी होतील. तिसऱ्या भागात पुन्हा जोडली जातील. असा नियम वाचकाला सांगायचा नसतो. त्याला तो ऐकू आला की झालं.

आता ‘की’. ‘दे मला’ आणि ‘दे की मला’ यांत सगळं पोरपण त्या ‘की’त आहे. इंग्रजीत त्याला शब्द नाही. मी ‘वोन्ट यू’ लावून पाहिलं तर पोरगा दिवाणखान्यात बसल्यासारखा वाटला. मग लक्षात आलं की ‘धरलंय की’मधला ‘की’ खरं तर जोर देतो आहे, किंचित कुरकुरतो आहे. इंग्रजीत मूल कुरकुरतं तेव्हा तेच दोनदा म्हणतं. म्हणून ‘आय’म होल्डिंग, आय’म होल्डिंग. गो ऑन.’ हे वाक्य आजही मला त्या पानावरचं सगळ्यात चांगलं वाक्य वाटतं.

पुढचा धडा गुरुजींकडून मिळाला. त्यांना इंग्रजी बेताचं येतं, म्हणून मी एक पद्धत पाडली होती. दर रविवारी त्यांना फोन करायचा, माझं इंग्रजी वाक्य वाचायचं आणि त्याचं पुन्हा मराठीत उलट भाषांतर करून सांगायचं, मूळ न बघता. आबाच्या ‘तुला न्हाय जमायचं’चं मी ‘नॉट यट’ केलं होतं. उलट सांगताना माझ्या तोंडून आलं, “अजून नाही.”

गुरुजी म्हणाले, “हे आबा नाही बोलत, ताई.”

“का?”

“तो ‘अजून नाही’ म्हणणारा नाही. ‘अजून’ म्हटलं की पुढं कधीतरी जमेल असा दिलासा झाला. आबा दिलासा देत नाही. त्यानं टोक पोराच्या हातात दिलंय, तेवढंच त्याचं बोलणं.”

मी ते वाक्य मुद्दाम मवाळ केलं नव्हतं. माया इंग्रजीत पोचावी म्हणून माझा हात नकळत साखर घालत होता. त्या रात्री मी सगळे संवाद या एकाच नजरेनं तपासले. आबाच्या तोंडी अकरा ठिकाणी माझे शब्द सापडले: ‘माय डिअर’, ‘लिटल वन’, ‘डोन्ट वरी’. मराठीत आबा नातवाला लाडाच्या नावानं एकदाही हाक मारत नाही. त्याची माया ‘भाकर खाल्लीस का’मध्ये आहे, मुठीनं फोडलेल्या कांद्याचा मधला गोड भाग पोराच्या ताटलीत टाकण्यात आहे. (तिथंही मी आधी कांदा ‘कट’ केला होता. कापलेला कांदा आणि फोडलेला कांदा यांत सबंध गाव उभं आहे, म्हणून तो ‘स्मॅश्ड’ केला.) अकराही शब्द काढले. वाक्य झालं: ‘यू कान्ट. यू होल्ड. डोन्ट लेट इट गो स्लॅक.’ कोरडं दिसतं, पण ‘यू होल्ड’वर जोर आला की पोराला काम मिळाल्याचा मान त्यात येतो.

आता तो शब्द.

दुसरा भाग. नातू दिवाळीला आलाय. आबा तांब्या घेऊन रांजणाकडे जायला उठतो.

“आबा, तुम्ही बसा. मी आणतो पाणी.”
“काय म्हनलास?”
“बसा म्हणलं.”
आबाचा हात थांबला. “तुम्ही? मी काय तलाठी हाय व्हय रं?”

कथेचा कणा हाच आहे. पुण्याला राहून पोरगा शिकला, मोठ्यांना मान द्यायला शिकला, आणि त्या मानानं आबाला परकं केलं. आमच्या भागात किती घरांत आजोबांना ‘तू’ म्हणतात आणि किती घरांत ‘तुम्ही’, हे घराघरावर आहे. पण या घरात ‘तू’ होतं, आणि ते कथेच्या पहिल्याच पानावर, ‘तू वळ’मध्ये, नीट पेरलेलं आहे.

इंग्रजीत दोन्हींना ‘यू’. पूर्वी इंग्रजीतही जवळिकीचं ‘दाऊ’ होतं, पण आज ते वाचलं की प्रार्थना किंवा जुनं नाटक आठवतं. ओसरीवर ते चालणार नाही. माझा खर्डा होता: “‘यू’? अ‍ॅम आय द तलाठी?” वाचकाला यातलं अक्षरही कळणार नाही. ‘यू’ म्हटल्यावर कोण का दुखावेल?

मग तळटीप लिहून पाहिली. मराठीत दोन सर्वनामं आहेत, एक जवळच्यांसाठी, एक आदरार्थी, वगैरे. टीप बरोबर होती, पण आबाचा हात थांबतो नेमकं त्याच क्षणी वाचकाची नजर पानाच्या तळाला जात होती. वर येईपर्यंत तो क्षण विझलेला. जो क्षण समजावून सांगावा लागतो तो घडतच नाही. टीप काढली.

‘सर’ घालून पाहिलं: ‘यू सिट, सर.’ पोरगा एकदम सैन्यात भरती झाल्यासारखा वाटला. ‘आबा’ऐवजी दुसऱ्या भागात ‘ग्रँडफादर’ म्हणवून पाहिलं. ते थोडं जमत होतं, पण मूळात तो ‘आबा’ ही हाक सोडत नाही. हाक तीच ठेवून फक्त सर्वनाम बदलतो, म्हणून तर जास्त लागतं.

दोन महिने ती जागा पिवळ्या रंगानं खुणावून तशीच ठेवली आणि पुढचं करत राहिले. सुटली ती उलट बाजूनं. त्या आठवड्यात माझी भाची घरी आली होती, इंग्रजी शाळेत जाणारी. जेवताना मी तिला मीठ दिलं आणि ती म्हणाली, “थँक यू, मावशी.” माझ्या आईनं मान वर करून विचारलं, “हे काय गं, घरात थँक यू?” आई रागावली नव्हती. तिला खरोखर कळलं नव्हतं की घरच्या माणसाचे आभार कशाबद्दल.

मी ताटावरून तशीच उठले आणि वहीत लिहिलं: ‘इंग्रजीत दुसरा तुम्ही नाही, पण प्लीज आहे.’

मराठीत आपण सर्वनामातून आणि क्रियापदातून अंतर दाखवतो, बस आणि बसा. त्यामुळे घरात ‘कृपया’ आणि ‘आभारी आहे’ यांची गरजच पडत नाही. इंग्रजीत सर्वनाम एकच, म्हणून अंतराचं सगळं काम ‘प्लीज’, ‘थँक यू’, ‘वुड यू’ हे शब्द करतात. म्हणजे ‘तुम्ही’चं भाषांतर ‘यू’मध्ये शोधणं चुकीचं होतं. ते ‘बसा’च्या आजूबाजूला शोधायला हवं होतं. वाक्यं अशी झाली:

“प्लीज सिट डाउन, आबा. आय विल गेट द वॉटर.”
“व्हॉट वॉज दॅट?”
“आय सेड, प्लीज सिट.”
आबाज हँड स्टॉप्ड. “प्लीज? व्हॉट अ‍ॅम आय, द तलाठी?”

तलाठी तसाच ठेवला. त्याचा ‘टॅक्समन’ किंवा ‘ऑफिसर’ करायची गरज नव्हती, कारण गुरुजींनी पहिल्या भागात दाखवलंय की तलाठी सातबाऱ्याच्या कामाला आला की शाळेतून खुर्ची आणली जाते आणि आबा स्वतः उभा राहतो. कोणाला ‘तुम्ही’ म्हणतात हे वाचकानं आधीच पाहिलेलं आहे.

पण हे चार ओळींत भागत नाही, हे लगेच कळलं. ‘प्लीज’ दुसऱ्या भागात खडा लागल्यासारखा लागायला हवा असेल, तर पहिल्या भागात तो कुठेही असता कामा नये. फाइलमध्ये शोध घेतला. पहिल्या भागात सात ‘प्लीज’ आणि चार ‘थँक यू’ निघाले. मूळ मराठीत त्यांतला एकही नाही. इंग्रजी लिहिताना माझ्या बोटांनी ते सवयीनं टाकले होते. शेजारीण विरजण मागायला येते तिच्या तोंडीही एक होता. ‘थोडं विरजाण दी गं’ याचं मी ‘कॅन आय प्लीज हॅव’ केलं होतं. सगळे काढले. शेजारणीचंसुद्धा, कारण त्या गावात कुणीच कुणाला प्लीज म्हणत नाही असं वाचकाच्या कानाला पन्नास-साठ ओळींत वळण लागायला हवं. त्यानंतर नातवानं ते म्हणावं.

रविवारी गुरुजींना उलट भाषांतर सांगितलं. “कृपया बसा आबा,” मी म्हणाले. फोनवर थोडा वेळ काहीच नाही.

“आमच्यात कोण म्हणतं कृपया?” ते म्हणाले.

“तेच आबा विचारतोय, गुरुजी.”

मग ते हसले. “मग बरोबर हाय,” म्हणाले, आणि त्या ‘हाय’वरून मला कळलं की खरंच बरोबर आहे. एरवी ते माझ्याशी शाळेतलं मराठी बोलतात.

यातून एक नवी अडचण उभी राहिली, आणि ती मी आधी ओळखायला हवी होती. ज्या मासिकाकडे अनुवाद पाठवला तिथून संपादकांचं पत्र आलं. अनुवाद आवडला, पण पहिल्या भागातला नातू उद्धट वाटतो. तो आजोबांना सतत हुकूम सोडतो, कधी प्लीज म्हणत नाही. वाचकांना तो आवडणार नाही. दोन-चार ठिकाणी सौम्य करता येईल का?

त्यांचं वाचन चुकीचं नव्हतं. इंग्रजीत नुसतं आज्ञार्थी क्रियापद टोचतं. ‘तू वळ’ मराठीत गोड लागतं, कारण त्या ‘तू’त हक्क आहे. ‘ट्विस्ट’ हा नुसता हुकूम. पण सौम्य केलं असतं तर दुसऱ्या भागातला प्लीज वाया गेला असता. म्हणजे पोराची वाक्यं तशीच ठेवून, ती आबाला आवडतात हे दिसायला हवं होतं. उत्तर मूळ मजकुरातच होतं आणि मी ते पातळ केलं होतं. ‘आबाचं बोळकं पसरलं’ याचं मी ‘आबा स्माइल्ड’ केलं होतं. हसण्यात काय, माणूस कशालाही हसतो. बोळकं म्हणजे दात नसलेलं तोंड, जे म्हातारा माणूस परक्यापुढे सहसा उघडून दाखवत नाही. ते मी ‘आबाज बेअर गम्स शोड’ असं केलं. पोरानं ‘गो ऑन’ म्हणावं आणि लगेच त्या हिरड्या दिसाव्यात. अशा तीन जागा सापडल्या. तिन्ही ठिकाणी गुरुजींनी आबाच्या शरीराचं काहीतरी लिहिलं होतं आणि मी त्याचं भावनेचं नाव करून टाकलं होतं. तिन्ही परत आणल्या. पोराच्या वाक्यांना हात लावला नाही. संपादकांना कारण लिहून कळवलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

तरीही खात्री नव्हती. मराठी, हिंदी, गुजराती, कुठलीही आपल्याकडची भाषा येणाऱ्याला तू-तुम्ही आतून माहीत असतं, त्यामुळे अशा माणसाला दाखवून उपयोग नव्हता. माझ्या मैत्रिणीची सून इंग्लंडमध्ये वाढलेली, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा तिला येत नाही. तिला मी व्हिडिओ कॉलवर पूर्ण कथा मोठ्यानं वाचायला सांगितलं आणि माझ्याकडच्या प्रतीवर ती अडखळेल तिथं खूण करत गेले. पहिल्या भागात ती एकदा अडखळली, ‘आबा’पाशी. तिला ते उर्दूतलं ‘अब्बा’, म्हणजे वडील वाटले. त्यासाठी मी नंतर पहिल्याच ओळीत ‘हिज ग्रँडफादर’ आणि ‘आबा’ शेजारी शेजारी आणले. दुसऱ्या भागात ‘प्लीज सिट डाउन’ हे तिनं सहज वाचलं, तिच्या कानाला त्यात काही वावगं नव्हतं. पण आबाचं ‘प्लीज?’ वाचलं आणि ती थांबली. मागचं पान उलटून बघितलं. मग हळू आवाजात पुढचं वाचलं. मी तिला काहीच विचारलं नाही.

जे गेलं तेही सांगायला हवं. पहिल्या भागात पोरगा दुपारभर उंडारून येतो तेव्हा आबा म्हणतो, “मुडद्या, एवढ्या उनाचं कुठं हिंडत हुतास? भाकर खाल्लीस का?” या ‘मुडद्या’ला मी हरले. शब्दशः केलं तर शाप होतो. ‘रास्कल’ आपल्याकडच्या इंग्रजीत खरीच शिवी आहे. ‘नॉटी बॉय’ बालवाडीतलं. शेवटी हाक गाळली आणि शेवटचा प्रश्न विधान केला: ‘व्हेअर हॅव यू बीन, इन धिस सन? अँड नॉट ईटन, आय कॅन सी.’ पोर जेवलेलं नाही हे आबाला त्याच्या तोंडावरून कळतं, एवढी माया त्यात आली. पण मराठीतला तो दणका, मरणाचं नाव घेऊन केलेला लाड, इंग्रजीत नाही. गुरुजींना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की त्यांची आजीसुद्धा असंच म्हणायची. ती जागा मला अजून बोचते.

म्हण मात्र सोपी गेली. पोरानं ‘तुम्ही’ केल्यावर रात्री आबा दोराकडे बघत पुटपुटतो, “सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय.” इंग्रजीत बिबट्याच्या ठिपक्यांची म्हण आहे, पण तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आख्ख्या कथेत दोर वळला जातोय. सुंभ म्हणजे काथ्याचा दोर, आबाचा दोर अंबाडीचा, तरी तो म्हण तीच वापरतो. इंग्रजीत नुसतं ‘रोप’ म्हटलं की भागलं: ‘द रोप बर्न्स. द ट्विस्ट स्टेज.’ मराठीत ही म्हण बहुधा हेकट माणसाला लावतात. इथं आबा ती आशेनं म्हणतो. ज्यानं दोराचं टोक धरलं त्याचा पीळ जाणार नाही, असं त्याला म्हणायचंय. इंग्रजी वाचकाला म्हणीचा नेहमीचा अर्थ ठाऊकच नाही, त्यामुळे त्याला ही आशा थेट पोचते.

तिसरा भाग दीड पानाचा. पहाट, पिशवी, कंदील. पोरगा उंबऱ्याबाहेर पडतो आणि वळून म्हणतो:

“येतो. दार लावून घे, आबा. गार हाय भाईर.”

एवढंच. ‘घे’. ‘हाय’. ‘भाईर’. त्यानं काही मान्य केलं नाही, माफी मागितली नाही, फक्त क्रियापद बदललं. माझं वाक्य: ‘आय’ल बी बॅक. शट द डोअर, आबा. इट्स कोल्ड आउट.’ दुसऱ्या भागातल्या त्याच्या सुट्या वाक्यांनंतर इथं शब्द जोडलेले आहेत, आणि प्लीज नाही. मराठीत तीन खुणा आहेत, इंग्रजीत दोन. भाषेचा बाज परत येतो तो मात्र पूर्ण पोचत नाही.

छपाईआधीचं मुद्रित आलं ते मी शेवटापासून वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीत कुणीतरी, चांगल्या मनानंच, एक शब्द घातला होता: ‘प्लीज शट द डोअर, आबा.’ मी तो लाल शाईनं खोडला, समासात ‘हा शब्द काढलाच पाहिजे’ असं लिहिलं, आणि त्याच दिवशी परत पाठवलं. मग गुरुजींना फोन लावला. रविवार नव्हता, तरी त्यांनी लगेच उचलला.

“शेवटची ओळ वाचा बरं इंग्रजीत,” ते म्हणाले.

मी वाचली. त्यांनी ती माझ्यामागून म्हटली, एकेक शब्द सुटा. मग पुन्हा एकदा, या वेळी जोडून, उंबऱ्यावरून मागं वळून बोलल्यासारखी. “शट द डोअर, आबा.”

“लावतो,” मी म्हणाले. कथेत आबाचं उत्तर तेच आहे.